‘काळ’ म्हणजे ‘मृत्यू झालो’ नव्हे

“गीतेत श्रीकृष्ण म्हणतो, ‘आता मी मृत्यू झालो आहे, जगांचा विनाशक.’ अणुस्फोट पाहताना अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञ ऑपेनहायमरने हेच उद्गार काढले. आणि देवानेच सगळ्यांना आधी मारून ठेवलं म्हटल्यावर अर्जुनाच्या हातात काही उरतच नाही.”

हे नेहमी ऐकू येतं. पण गीतेच्या अकराव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक असा सुरू होतो: कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो. पदच्छेद केला की चार शब्द हाती येतात: कालः, अस्मि, लोकक्षयकृत्, प्रवृद्धः. यात ‘मृत्यू’ नाही आणि ‘झालो’ही नाही.

आधी मृत्यूचं बघू. संस्कृतात ‘काल’ शब्दाला मृत्यूची छटा आहे, मराठीतही आपण ‘काळाने ओढून नेलं’ म्हणतोच. पण गीतेला थेट मृत्यू म्हणायचं असतं तेव्हा ती तसं म्हणते. आदल्याच अध्यायात ‘मृत्युः सर्वहरश्चाहम्’ आहे (१०.३४) आणि त्याच्या लगेच आधी ‘अहमेवाक्षयः कालः’ (१०.३३). दोन शब्द शेजारी शेजारी, दोन वेगळ्या विभूती म्हणून आले आहेत. मग इथे ‘काल’ आला तो सहज म्हणून आलेला नाही. मृत्यू एकेका जिवाचा असतो. काळ मात्र सतत चालू असतो, वाढत असतो, आणि ‘प्रवृद्ध’ म्हणजे हाच वाढलेला, भरास आलेला. ज्ञानेश्वरांनी हे नेमकं धरलं आहे: “मी काळु गा हें फुडें । लोक संहारावयालागीं वाढें”. फुडें म्हणजे उघड, निश्चित. सातशे वर्षांपूर्वी ‘काळ’ आणि ‘वाढणं’ दोन्ही मराठीत आलेले असताना आपण इंग्रजीतून उलटं भाषांतर करून ‘मृत्यू झालो’ का म्हणावं?

‘अस्मि’ म्हणजे ‘आहे’. कृष्ण त्या क्षणी वेगळा कुणी होत नाही. अर्जुनाने विचारलेलं असतं, ‘आख्याहि मे को भवानुग्ररूपः’, या उग्र रूपातला तू कोण, सांग (११.३१). पुढचा श्लोक हे त्याचं उत्तर आहे. विश्वरूपही कृष्णाने धाक घालायला आपणहून दाखवलेलं नाही, अर्जुनानेच ते पाहायचं आहे म्हणून मागितलं होतं.

‘लोक’ या शब्दाबाबत मी थोडी सूट देईन, कारण संस्कृतात त्याचा अर्थ जग असाही होतो आणि माणसं असाही. पण श्लोकाचा उत्तरार्ध रोख स्पष्ट करतो: ‘येऽवस्थिताः प्रत्यनीकेषु योधाः’, समोरासमोरच्या सैन्यांत उभे असलेले योद्धे. त्याआधीच्या चरणात ‘इह’ आहे, म्हणजे इथे, या रणांगणावर. बोलणं कुरुक्षेत्रावरच्या माणसांबद्दल चाललं आहे. ग्रहगोल फुटण्याचं चित्र या ओळीत नंतर भरलं गेलं.

ऑपेनहायमरबद्दल सांगायचं तर अणुबॉम्बची ती चाचणी १६ जुलै १९४५ ची, न्यू मेक्सिकोतली. ‘ती ओळ मला आठवली’ असं ते १९६५ साली दूरचित्रवाणीसाठीच्या मुलाखतीत सांगतात. आठवली, तोंडाने म्हटली असं नव्हे. बर्कलेत आर्थर रायडर यांच्याकडे ते संस्कृत शिकले होते, आणि रायडर यांच्या १९२९ च्या इंग्रजी गीतेत ‘काल’च्या जागी ‘मृत्यू’ आहे. म्हणजे हा शब्द ऑपेनहायमर यांच्या आधीपासून इंग्रजीत होता. आपल्याकडे तो मूळ गीता म्हणून परत आला, याचं मला वाईट वाटतं.

राहिला अर्जुनाचा हात. याच बत्तिसाव्या श्लोकातलं ‘ऋतेऽपि त्वाम्’ म्हणजे तुझ्याविनाही. तू लढला नाहीस तरी हे योद्धे उरणार नाहीत, असा शंकराचार्यांचाही अर्थ. काहीजण याचा अर्थ ‘तू सोडून सगळे मरतील’ असा लावतात, तो ‘अपि’मुळे टिकत नाही. युद्धानंतर कृपाचार्य, कृतवर्मा आणि अश्वत्थामाही जिवंत होते, ही गोष्टही त्याच्या विरुद्ध जाते. पण यातून अर्जुन सुटतो का? पुढच्याच श्लोकात ‘तस्मात्त्वमुत्तिष्ठ’, म्हणून तू ऊठ, अशी आज्ञा आहे, आणि ‘निमित्तमात्रं भव’ही आज्ञाच. चौतिसाव्या श्लोकात आधीच मारलेल्यांत जयद्रथाचं नाव आहे. तोच जयद्रथ चौदाव्या दिवशी सूर्यास्तापर्यंत द्रोणाच्या व्यूहाआड लपवलेला होता. त्याच्यापर्यंत पोहोचायला अर्जुनाला दिवसभर लढत सैन्य फोडत जावं लागलं आणि बाण शेवटी त्यालाच सोडावा लागला. आणि सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात कृष्ण त्याला म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला वाटेल तसं कर.