‘नव्वदला वालचंद फिक्स’ असं व्हिडिओवर लिहायचं का?

«दादा, आमच्या क्लासवाल्यांच्या ग्रुपवर हे फिरतंय, बघा: ‘ॲडमिशनच्या व्हिडिओला टायटलमध्ये १००% लिहाच, नाहीतर कोणी उघडत नाही. थंबनेलवर मोठ्ठं टाका, ९० पर्सेंटाइल म्हणजे वालचंद किंवा कराड फिक्स. डिस्क्रिप्शन कोणी वाचत नाही, दोन ओळी बास. टॅगमध्ये सगळ्या कॉलेजांची नावं कोंबा. अटी-बिटी शेवटच्या मिनिटात बोलून टाका, म्हणजे आपण मोकळे.’ मी पण असंच करू का?»

नको. हे लिहिणाऱ्याने कॅपच्या, म्हणजे अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांच्या, कट-ऑफची पीडीएफ एकदा तरी उघडली असती, तर थंबनेलची ती ओळ त्याच्या हातून उतरलीच नसती. सांगली-मिरजेपासून साताऱ्यापर्यंत किती क्लासवाले यावर अंगठे दाखवून मोकळे झालेत कोण जाणे. आता तुझ्यापर्यंत आलंय म्हणून लिहितो.

नव्वदपासून सुरू करतो, कारण खरं नुकसान तिथं आहे. सीईटीचं पर्सेंटाइल म्हणजे गुणांचे टक्के नव्हेत, ती रांगेतली जागा आहे. हिशोबापुरते धरू की पीसीएमला चार लाख मुलं बसली. ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण चाळीस हजार मुलं असतात. ९५ ला वीस हजार, ९९ ला चार हजार. पालकाला नव्वद आणि नव्व्याण्णवमध्ये नऊचा फरक दिसतो, रांगेत तो छत्तीस हजारांचा असतो. खुल्या गटातल्या मुलाने ९० वर वालचंदच्या कॉम्प्युटरची आशा धरणं म्हणजे पर्याय-अर्जातली पहिली ओळ वाया घालवणं. ओळ वाया गेली तरी एक वेळ चालेल. पण ‘फिक्स’ ऐकलेला पालक खालच्या ओळी भरतच नाही, आणि पहिल्या फेरीत मुलाच्या नावापुढे काहीच येत नाही.

दुसरं म्हणजे ‘कॉलेजचा कट-ऑफ’ असा एक आकडा नसतोच. सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर जी पीडीएफ काढतो, तिच्यात प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेखाली वेगळा तक्ता असतो. रकान्यांच्या डोक्यावर GOPENH, LOPENH, GOBCO, GSCS, EWS, TFWS अशी अक्षरं असतात. चौकटीत दोन आकडे असतात: वर राज्याच्या यादीतला गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. सुरुवातीचं G म्हणजे सर्वसाधारण, L म्हणजे मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं H म्हणजे गृह विद्यापीठातल्या मुलांची जागा, O म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातल्यांची, S म्हणजे राज्यस्तरीय.

हे शेवटचं अक्षर आपल्याकडं फार दगा देतं. दोन मुलं धरू, दोघांना बरोब्बर ९०. एक वाईची मुलगी, ओबीसी, बारावी वाईतूनच. सातारा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं, म्हणून याच क्षेत्रातल्या कॉलेजांत तिला H चे रकाने बघायचे. मुलींचे आणि सर्वसाधारण, ओबीसीचे आणि खुले, असे चारही तिला लागू आहेत. दुसरा तासगावचा मुलगा, खुला गट, बारावीला लातूरला पाठवलेला. घर तासगावला, आधार कार्डावर तासगाव, तरी त्याचं गृह विद्यापीठ ठरतं बारावी जिथून पास झाला तिथून. म्हणजे नांदेडचं. सांगली-साताऱ्यातल्या ज्या कॉलेजांत H-O अशी विभागणी आहे, तिथं त्याला O चा रकाना. पर्सेंटाइल एकच, पण बघायचे रकानेच वेगळे. दोघांनी तुझं थंबनेल बघितलं तर निदान एकाची फसगत ठरलेली.

त्या मुलीचंही सगळं सुरळीत होईल असं नाही. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत दाखल झालं नाही, तर तिला खुल्या गटात धरतात. मग नव्वदचा अर्थच बदलतो. हा बदल तिला यादीत नाव शोधताना कळतो, त्याआधी कोणी सांगत नाही.

म्हणून थंबनेलवर आकडा टाकायचा तर त्यासोबत शाखा, रकाना, फेरी आणि वर्ष हवं. एवढं मावत नसेल तर आकडाच टाकू नकोस. आणि मागच्या वर्षीचा कट-ऑफ म्हणजे मागच्या वर्षीचा शेवटचा प्रवेश. यंदाचा दर कोणी जाहीर करत नसतं.

आता शेवटच्या मिनिटातल्या अटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रवेशाची किंवा निवडीची हमी देणं त्यात सरळ मना आहे. आणि खुलासा द्यायचा तर दावा ज्या अक्षरांत आहे त्याच आकारात, सहज दिसेल अशा जागी. दावा थंबनेलवर पिवळ्या ठळक अक्षरांत आणि अट अठराव्या मिनिटाला तोंडी, हे त्यात कुठंच बसत नाही. ग्रुपवर कोणी कायदा काढून दाखवेल, म्हणून हेही सांगतो: ही तत्त्वं पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगला लागू आहेत, आणि निव्वळ समुपदेशन त्यांच्या व्याख्येबाहेर ठेवलंय. तेवढी पळवाट आहे खरी. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा विद्यार्थी मोजत बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तुझ्या व्हिडिओखाली क्लासचा फोन नंबर असला की ती जाहिरातच.

कायदा बाजूला ठेव. व्हिडिओ फिरतो व्हॉट्सॲपवर. तिथं लिंकसोबत जातं ते थंबनेल, टायटल आणि डिस्क्रिप्शनची सुरुवात. पिन केलेली कमेंट जात नाही, अठरावं मिनिट जात नाही. ‘डिस्क्रिप्शन कोणी वाचत नाही’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसावं की न उघडताही सगळ्यांच्या नजरेखालून जाणाऱ्या ओळी डिस्क्रिप्शनच्याच असतात. सगळ्यात कडू अट तिथंच, पहिल्या वाक्यात.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये अर्धी बरोबर आहे, ती नाइलाजाने मान्य करतो. टायटलमध्ये आकडा आणि कॉलेजचं नाव नसेल तर व्हिडिओ सापडत नाही. ‘अभियांत्रिकी प्रवेश मार्गदर्शन भाग ३’ असं कोणी शोधत नाही; पालक ‘९० पर्सेंटाइल वालचंद’ असंच टाइप करतात. मग तो आकडा घाल, पण प्रश्न म्हणून घाल, आणि उत्तर लगेच खाली दे. टायटलला शंभर अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्याआधीच ते तुटतं, म्हणून महत्त्वाचं पुढे घे. असं काहीतरी:

```
सीईटीत 90 पर्सेंटाइल: वालचंद, कराड मिळेल का? कॅप 2025-26

खुल्या गटात वालचंद कॉम्प्युटरला 90 पुरत नाही. इतर शाखा
आणि प्रवर्गांचं उत्तर तुमच्या रकान्यावर ठरतं, पाहा ‘कट-ऑफचा रकाना’.
आकडे मागच्या फेऱ्यांचे आहेत, ही प्रवेशाची हमी नाही.

0:00 कोणासाठी, कोणत्या वर्षाचे नियम
0:50 पेपर आणि गुण
2:40 नोंदणी, कागदपत्रांची तपासणी
4:10 तात्पुरती व अंतिम गुणवत्ता यादी
5:30 कट-ऑफचा रकाना कसा वाचायचा
9:20 पर्याय-अर्ज भरण्याचा क्रम
12:00 जागा मिळाली: फ्रीझ की पुढची फेरी
15:10 काहीच मिळालं नाही तर
```

वेळांच्या या यादीवरून यूट्यूब व्हिडिओचे आपोआप भाग पाडतं, पण त्याच्या अटी आहेत. पहिली वेळ 0:00 च हवी, निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि कुठलाही भाग दहा सेकंदांहून छोटा नको. बहुतेकांचं पहिल्या अटीवर अडतं: सुरुवातीची ‘नमस्कार मंडळी’ वगळून 0:25 पासून यादी लिहितात, आणि भाग पडतच नाहीत. अपलोड झाल्यावर खालच्या पट्टीवर तुकडे दिसतात का, हे मोबाइलवर बघून घे.

पेपरच्या भागात फार रेंगाळू नकोस, ते मुलांना पाठ असतं: भौतिक-रसायनचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास दोन गुणांचे, एकूण २००, चुकीला वजाबाकी नाही. पालकांना ठाऊक नसतं ते असं की सीईटी कितीही चांगली गेली तरी बारावीला ठरलेल्या विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राज्यातल्या राखीव गटांना ४०. ते नसतील तर मुलगा पात्रच नाही.

फ्रीझचा, म्हणजे मिळालेली जागा पक्की करण्याचा, भाग मात्र नीट कर, ‘फिक्स’वाल्यांचा दुसरा बळी तिथंच जातो. २०२५-२६ च्या नियमांत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घेणं बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही. म्हणजे दुसऱ्या फेरीला ‘तीन नंबरला असंच टाकून ठेव’ म्हणून भरलेलं कॉलेज लागलं, तर तेच घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. त्याआधीच्या वर्षाचा व्हिडिओ बघून अर्ज भरणाऱ्याला हे कळणार कुठून? टायटलमध्ये वर्ष लिही म्हणतो ते यासाठी.

टॅगचं काय सांगू. यूट्यूबच स्वतःच्या मदतपानावर लिहितं की शोधात टॅगचा वाटा अगदी किरकोळ असतो. नावाचं स्पेलिंग लोक चुकवत असतील तिथं ते उपयोगी. Walchand, Valchand, वालचंद, वालचन्द एवढे टाक आणि थांब. जी कॉलेजं व्हिडिओत नाहीतच त्यांची नावं डिस्क्रिप्शनमध्ये ओतलीस, तर तो दिशाभूल करणारा मजकूर ठरतो आणि व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो. हॅशटॅगही साठच्या वर गेले की यूट्यूब सगळेच सोडून देतं.

नियम बदलले की त्याच लिंकवर नवा व्हिडिओ चढवता येत नाही, पण टायटल आणि डिस्क्रिप्शन कधीही बदलता येतं. नवी माहिती पुस्तिका आली की टायटलच्या सुरुवातीला ‘जुने नियम’ घाल, पहिल्या ओळीत नव्या व्हिडिओची लिंक दे, आणि व्हिडिओत बोललेलं जे चुकीचं ठरलं ते वेळेसकट लिही: ‘12:40 ला सांगितलेली मुदत आता लागू नाही.’