फांदी नेमकी कुठे कापायची, हे चिठ्ठीत लिहा

सोबतचा फोटो आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून घेतला आहे. डावीकडे शेजारच्या बंगल्यातला आंबा, मध्ये कुंपणाची भिंत आणि उजवीकडे आमच्या ग्रिलला टेकलेली मनगटाएवढी फांदी दिसते. ग्रिलचा रंग जिथे घासून गेला आहे, तिथे लोखंड उघडे पडून गंजले आहे. पार्ल्यात अशा भिंती गल्लोगल्ली आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मागच्या वर्षी मी काकूंना पहिली चिठ्ठी दिली होती: "आपल्या झाडाचा आम्हाला त्रास होतो, कृपया बंदोबस्त करावा." शब्द सभ्य होते, तरीही उत्तर आले नाही, आणि आज वाटते की ते येणार तरी कसे? कोणती फांदी, किती कापायची, कोणी आणि कोणाच्या खर्चाने, यातले काहीच मी लिहिले नव्हते. त्यांनी तिचा अर्थ 'झाड काढा' असा घेतला होता.

सोसायटीतल्या अनेकांचे म्हणणे होते की भिंतीच्या अलीकडे आलेले आपण कापून टाकावे, विचारायचे कशाला. मला हे दोन कारणांनी चुकीचे वाटते. पहिले कारण असे की मुंबईत खासगी आवारातल्या झाडाची छाटणी करण्यासाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते. दुसरे कारण झाडाचे आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. भिंतीची रेषा आपण आखलेली असते; फांदीला ती ठाऊक नसते. त्या रेषेवर फांदी मध्येच तोडली की उरलेल्या खुंटाच्या टोकापाशी धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. हे धुमारे भराभर वाढतात, पण त्यांची पकड वरवरची असते, त्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा ग्रिलपाशी तीच गर्दी होते आणि वाऱ्यात मोडणारा भाग पूर्वीपेक्षा वाढतो. खुंट सुकला, तर कूज आत उतरते.

म्हणून फांदी जिथून फुटली, त्या बेचक्यापर्यंत मागे जाऊन कापावी लागते. तिथे बुंध्यालगत एक फुगीर कडे असते. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा, कडे मात्र कापायचे नाही, कारण जखम तिथूनच भरत येते. फांदी जड असेल तर आधी हातभर अलीकडे खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत करवत चालवतात, मग थोडे पुढे सरकून वरून कापतात, म्हणजे फांदी पडताना बुंध्याची साल सोलत नेत नाही. उरलेला तुकडा शेवटी कड्यापाशी काढतात. आमच्या बाबतीत ते बेचके भिंतीपलीकडे, काकूंच्या अंगणात चार-पाच फुटांवर आहे. योग्य काप त्यांच्याच हद्दीत येतो, तेव्हा त्यांच्या संमतीवाचून तो घेताच येत नाही.

फोटोची प्रत काढून त्या बेचक्यावर मी लाल पेनाने एकच रेघ मारली आणि ही चिठ्ठी स्वतः नेऊन दिली:

"आदरणीय काकूंस सप्रेम नमस्कार, वि. वि. आपल्या आंब्याची एक फांदी आमच्या ग्रिलला घासते व तिच्यावरून उंदीर खिडकीपर्यंत येतात. फोटोत लाल रेघ आहे तेवढी एकच फांदी काढावी, बाकी झाडाला हात लागू नये, अशी विनंती आहे. तिच्यावरच्या कैऱ्या आधी उतरवून आपल्याकडे पोहोचवू. परवानगीचा अर्ज मी लिहून आणतो, आपली सही हवी आहे. खर्च आम्ही करू. पावसाआधी काम व्हावे, एवढीच इच्छा. लोभ असावा."

फोटोत फांदीचे टोक आणि उगम दोन्ही दिसले पाहिजेत, आणि त्यांच्या घराच्या खिडक्या येता कामा नयेत. हा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा मोह मी टाळला, कारण चार लोकांसमोर आलेली विनंती तक्रार होते. इथेही तो काकूंना विचारूनच लावला आहे.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "दंड मला तर होणार नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि वर्षभराच्या मौनाचे कारण मला तेव्हा कळले. अर्ज झाड ज्यांच्या आवारात आहे त्यांच्या नावाने जातो. परवानगी हाती आल्यावर त्यात लिहिले आहे तेवढेच कापले, तर दंडाचा प्रश्न येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. अर्जाला तोच लाल रेघेचा फोटो जोडला, त्यामुळे पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही फांदी शोधावी लागली नाही.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. आम्ही मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, कैऱ्या उतरवल्यावर आणि फांदीवर पक्ष्याचे घरटे नाही हे पाहिल्यावर, काम केले. कापावर रंग किंवा डांबर लावले नाही, कारण त्याने ओल आत कोंडते. काकू अंगणात उभ्या राहून रेघेवर लक्ष ठेवून होत्या.