लेटरवर ‘ट्रेनी’ लिहिलं म्हणून पोरगं कामगार नाही, असं कुणी ठरवलं?

रविवारी भाचा आला होता रूमवर, वाळूजला एका वेंडर कंपनीत आहे, मेकॅनिकल डिप्लोमा. आठ महिने झाले, महिना 8500 ‘स्टायपेंड’, पीएफ नाही, ईएसआय नाही. म्हटलं काय शिकलास रे? तर म्हणतो, "मामा, पहिले दहा दिवस एक ऑपरेटर होता सोबत, तो सोडून गेला, तवापासून सीएनसी मीच चालवायलोय, सेकंड शिफ्टला, 160 पीसचं टार्गेट आहे." आणि वर ओव्हरटाइम. ओव्हरटाइम म्हटल्यावर माझे कान टवकारले, कारण मी स्वतः अकरा वर्षं टाइम ऑफिसमध्ये काढलीत आणि असली लेटरं मीच टाइप केलीत, त्यामुळे आज जे लिहितोय त्यात थोडं प्रायश्चित्तपण आहे असं समजा.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. आपल्याकडे ‘इंटर्न’ नावाचा वेगळा कायदाच नाही. पोरगं कॉलेजच्या अभ्यासक्रमातली ट्रेनिंग करायला आलं, बघायला-समजून घ्यायला, तर पैसे द्यायलाच पाहिजेत असं सगळीकडं लागू होणारं कलम नाही, तिथं बिनपगारी असू शकतं. दुसरा रस्ता म्हणजे 1961चा अप्रेंटिस अ‍ॅक्ट. त्यात करार करावा लागतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, ट्रेनिंगचा कार्यक्रम असतो आणि स्टायपेंडची किमान रक्कम ठरलेली असते, 2019च्या दुरुस्तीत डिप्लोमावाल्याला 8000 होती. या रस्त्याने आलेला पोरगा कायद्याने ट्रेनी, कामगार नाही, हे कलम 18 मध्ये सरळ लिहिलंय. म्हणजे स्टायपेंडवर ठेवणं बेकायदेशीर आहे असं नाही, नीट केलं तर चालतं.

पण भाच्याकडं काय आहे? एक पानी लेटर. त्यावर ‘ट्रेनी’, खाली एचआरची सही. करार नाही, पोर्टलवर नाव नाही. आणि नवीन लेबर कोड, जे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेत, त्यात शिकणाऱ्यांपैकी कामगाराच्या व्याख्येतून वगळलंय ते फक्त अप्रेंटिस अ‍ॅक्टखालच्या अप्रेंटिसला. कंपनीने स्वतःच्या मनाने ‘ट्रेनी’ म्हटलेल्याला नाही! व्याख्येत हुद्द्याचं नाव नाहीच, मोबदल्यासाठी काम करतो का, एवढंच विचारलंय. अंगमेहनतीचं, कुशल, टेक्निकल, क्लार्कचं, काहीही असू द्या.

इथं एक गोची आहे, ती सांगतो, नाहीतर कुणीतरी कॉमेंटमध्ये सांगेलच. करार नोंदवायचा राहिला एवढ्यावरून अप्रेंटिस आपोआप कामगार होत नाही, 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिवमोहन सिंग यांच्या केसमध्ये तसं म्हटलंय. म्हणून नुसतं "पोर्टलवर नाव नाही" एवढ्यावर भांडायला जाऊ नका, प्रत्यक्ष काम काय केलं ते दाखवा. भाच्याच्या केसमध्ये ते दिसतंच की, गेलेल्या ऑपरेटरची जागा त्याने भरली, शिकवायला कुणी नाही, प्रॉडक्शन शीटवर त्याचं नाव आणि त्याचा पीसचा आकडा, तो एक दिवस आला नाही तर मशीन बंद. शिवाय खऱ्या अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावायचा तर अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायजरची परवानगी लागते, आणि ती ट्रेनिंगच्या किंवा लोकांच्या हितासाठीच देता येते. रविवारची डिस्पॅच अडकली म्हणून चार तास थांबवलं, ह्यात कसलं आलंय ट्रेनिंग?

एकदा कामगार धरला की किमान वेतन आलं, त्यात घासाघीस चालत नाही. "पोराने सही करून मान्य केलंय" हे एचआरचं आवडतं वाक्य, मीपण म्हणायचो. पण हक्काचे पैसे सोडून दिले असा करार वेज कोडमध्ये रद्दबातल आहे. आणि सुप्रीम कोर्टाने 1982 मध्येच, एशियाडच्या कामगारांच्या केसमध्ये, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी असं म्हटलेलं आहे. फरकाची रक्कम मागायला आता तीन वर्षं मिळतात, पूर्वी सहाच महिने होते. म्हणजे भाच्याचे आठही महिने धरता येतात, नोकरी सोडल्यावरपण.

ताईचा फोन आला लगेच, "तू त्याला भलतंसलतं शिकवू नको, काढून टाकले तर? शिकायलंय ना लेकरू, घरी बसल्यापेक्षा बरं." ताईला काय बोलणार, माजलगावात बसून तिला वाळूजची शिफ्ट दिसत नाही, आणि काढून टाकायची तिची भीती खोटीपण नाही. म्हणून मी भाच्याला भांड म्हटलं नाही. म्हटलं, लेटर, पंचिंगचे मेसेज आणि बँकेतल्या जमेची नोंद जपून ठेव, आणि तुझं नाव असलेल्या शीटची तारीख-शिफ्ट-पीस रोज रूमवर येऊन वहीत लिही, मोबाईल तसाही गेटवर जमा होतो. लेबर ऑफिसला कधी जायचं ते त्याने ठरवायचं. काल वहीचा फोटो पाठवला त्याने, पहिली ओळ: सेकंड शिफ्ट, 163 पीस, ओव्हरटाइम 4 तास.