पाच माणसं काढली, एक लाल केला, एवढ्यानं भागत नाही

“खेड्यातल्या माणसाला टक्के कळत नाहीत. वीस टक्के म्हणत बसण्यापेक्षा पाच माणसं काढा, त्यातला एक लाल करा. चित्र कुणालाही कळतं, आणि चित्र कधी फसवत नाही.”

गावात आजाराचे आकडे कसे सांगावेत, यावर असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. आधी त्यातल्या टक्क्यांचं बघू. आमच्या सांगली भागात व्याज ‘शेकडा दोन’ म्हटलं की शाळेत न गेलेली आजीसुद्धा वर्षाचा आकडा तोंडी सांगते. कारखान्याचा उतारा अकरा म्हणजे शंभर किलो उसातून अकरा किलो साखर, हे ऊसवाल्याला शिकवावं लागत नाही. तिथं शंभर डोळ्यांसमोर असतात, रुपये किंवा किलो. ‘वीस टक्के लोकांना रक्तदाब’ म्हटलं की नेमके कोणते शंभर, तेच कळत नाही: पोरंबाळं धरून, की तिशीच्या पुढचे? अडचण टक्क्याची नाही, न दिसणाऱ्या शंभराची आहे.

आता ती पाच माणसं. वाळवा तालुक्यातल्या एका गावात आरोग्याच्या बैठकीत मीही असाच तक्ता लावला होता (आकडा समजावण्यापुरता घेतलेला). बैठक संपल्यावर एक बाई म्हणाल्या, “आमच्या घरात पाच माणसं. मालकांना बीपी हाय. म्हंजे आता आमी बाकीची सुटलो न्हवं?” शेजारची लगेच घाबरली, कारण तिच्या घरात अजून कुणालाच नव्हता. दोघींनी चित्र बरोबर वाचलं होतं. पाच माणसं म्हणजे घर, आणि घरटी एक, असंच ते चित्र सांगत होतं. चूक माझी होती.

खरा हिशोब असा. प्रत्येक माणसाला पाचात एक एवढी शक्यता धरली आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं मानलं, तर पाच माणसांच्या शंभर घरांपैकी साधारण ३३ घरांत एकही रुग्ण नसतो. बरोब्बर एक असतो अशी घरं ४१. दोन असणारी २० आणि तीन किंवा जास्त असणारी सहाएक. म्हणजे चित्रातलं ‘पाचात एक’ घर निम्म्याहूनही कमी! शिवाय रक्तदाब एका घरात अनेकांना असायचा कल असतो, त्यामुळं प्रत्यक्षात वाटणी याहून विषम निघते.

हे तोंडी सांगून पटत नाही. पुढच्या बैठकीत पिशवीत चार पांढरे वाटाणे आणि एक राजमा टाकला. न बघता एक दाणा काढायचा, दाखवायचा, परत टाकायचा. अशा पाच खेपा म्हणजे एक घर. परत टाकायला विसरलात तर दर घरात एक राजमा येणारच, आणि आपण पुन्हा त्याच चुकीवर. हे सगळ्यात जास्त वेळा बिघडतं, म्हणून पिशवी एकाच बाईच्या हातात ठेवावी. त्या दिवशी पहिल्या घरात एकही राजमा आला नाही, दुसऱ्यात दोन. मग ‘घरटी एक’ हा शब्द परत कुणी काढला नाही.

दुसरी खोच तुलनेची. एका गावात पाचात एक, दुसऱ्यात आठात एक. दोन चित्रं शेजारी लावली की दोन्हीकडं लाल माणूस एकच दिसतो, आणि आठवाली रांग लांब म्हणून तीच मोठी वाटते. वरचा आकडा बघून खालचा विसरायची सवय शिकलेल्यांनाही असते. यामागिशी या संशोधकाच्या १९९७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ‘१०,००० पैकी १,२८६ मृत्यू’ हे ‘१०० पैकी २४.१४’ पेक्षा जास्त धोक्याचं वाटलं होतं, खरं तर ते जवळजवळ निम्मं आहे.

उपाय सोपा: दोन्ही चित्रांत एकूण माणसं सारखीच घ्या. इथं १०० घेतले तर आठात एकचे साडेबारा होतात, आणि अर्धा माणूस काढून हसं होतं. ४० घ्या. दहाच्या चार ओळी. एकात ८ लाल, दुसऱ्यात ५. लाल खालच्या ओळीत डावीकडून सलग भरा. विखुरले तर खरं वाटतं, पण मोजता येत नाही.

चित्र फसवत नाही म्हणता? बत्तीस फिक्या माणसांना गाळून फक्त आठ लाल काढून बघा, गाव आजारी वाटेल. किंवा लाल माणूस दुप्पट उंच आणि त्याच प्रमाणात रुंद करा, कागदावर तो चौपट जागा खातो.

आता तक्ता लावल्यावर मी एकच विचारतो: “यात तुमचं घर दाखवा.” कुणी पाच माणसांभोवती बोट फिरवलं, की मी पिशवी बाहेर काढतो.