भडकपणा नव्हे, गांभीर्य

«रिमोट हरवल्याच्या प्रहसनात अभिनय जितका भडक, तितका हशा मोठा.»

टीव्ही मालिकांमधील धक्क्याच्या प्रसंगांची थट्टा करणाऱ्या प्रहसनाबद्दलच्या एका लेखातले हे वाक्य मला पटले नाही. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात असे प्रहसन बसवताना उलटाच अनुभव आला. मालिकांमधील धक्क्याचा प्रसंग मुळात कॅमेरा आणि संकलन घडवतात: एकच चेहरा तीनदा झपकन जवळ येतो, प्रत्येक वेळी ढोलाचा ठोका पडतो आणि मग घरातील एकेकाचा चेहरा दिसतो. रंगमंचावर कॅमेरा नसल्याने हे काम नटाच्या मानेला करावे लागते, «रिमोट... सोफ्यावर नाही!» या वाक्यानंतर सुनेने ठोक्यागणिक तीन झटक्यांत मान वळवायची आणि नंतर पूर्ण गोठून राहायचे. तालमीत ती डोळे वटारून हसू दाबू लागली की प्रसंग तिथेच पडत असे, पण खरोखरच वंशाचा वारस हरवला आहे अशा गांभीर्याने ती उभी राहिली, तेव्हा बघणारे खदखदून हसले.

विरामाबद्दल मात्र लेखात काहीच नाही. पहिला विराम लांबवता येतो, परंतु सासरे, दीर, नणंद अशी तीच प्रतिक्रिया सारख्याच लांबीने फिरत राहिली की तिसऱ्या चेहऱ्यापर्यंत हशा ओसरतो. म्हणून पुढचे विराम आखूड करत न्यावेत आणि शेवटच्या, म्हणजे आजेसासूबाईंच्या चेहऱ्यावर ठोका वाजूच देऊ नये. आमच्या आजींनी त्या शांततेत फक्त विचारले, «पण त्यात सेल होते का गं?»