व्हॅनिलाचा अटॅक रेट ८० टक्के की ९३?

प्रतिक्रिया: सर, ओस्वेगोमधल्या चर्चच्या जेवणानंतर लोक आजारी पडले, त्या उदाहरणात तुमचं गणित चुकलंय. आजारी ४६ पैकी ४३ जणांनी व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लं, म्हणजे ९३ टक्के. निरोगी २९ पैकी ११ जणांनी खाल्लं, म्हणजे ३८ टक्के. रिलेटिव्ह रिस्क २.५ येतो, तुम्ही ५.६ दिलाय. आणि न खाता आजारी पडलेल्या तिघांचं काय?

उत्तर: तुमचे आकडे बरोबर आहेत, भागाकार चुकीच्या दिशेने झालाय. अटॅक रेट काढताना खाल्लेल्यांपैकी किती आजारी पडले हे बघायचं असतं, म्हणून छेदात एकूण आजारी माणसं येत नाहीत, ती वस्तू खाल्लेली सगळी माणसं येतात. व्हॅनिला ५४ जणांनी खाल्लं, त्यातले ४३ आजारी पडले: ७९.६ टक्के. न खाल्लेल्या २१ पैकी ३ आजारी: १४.३ टक्के. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की रिलेटिव्ह रिस्क येतो: ५.६.

तुमचा ९३ टक्के निरुपयोगी नाही. बहुतेक रुग्णांचा उलगडा या एका पदार्थाने होतो, हे तो सांगतो. पण अटॅक रेट म्हणून तो लिहिलात तर मार्क जाणारच.

लाइन लिस्ट, म्हणजे दर माणसाला एक ओळ असलेली यादी, एक्सेलमध्ये असेल तर हाताने मोजू नका. C रकान्यात आजारी (Y/N) आणि G मध्ये व्हॅनिला धरलं, तर चार चौकटींच्या तक्त्यातली पहिली चौकट, म्हणजे खाल्लं आणि आजारी पडले, अशी:

```
=COUNTIFS($G$2:$G$76,"Y",$C$2:$C$76,"Y")
```

बाकीच्या तीन चौकटींसाठी फक्त Y/N बदला आणि चारही मिळून ७५ होतात का ते लगेच बघा. चॉकलेट आइस्क्रीमसाठी हेच केलंत तर बेरीज ७४ येईल, कारण एका रुग्णाची नोंदच नाही. कोरी जागा म्हणजे 'नाही' नव्हे. तो माणूस त्या तक्त्यातून वगळायचा. तसंच, १८ एप्रिल १९४० च्या त्या चर्चच्या जेवणाला ८० जण होते, पण मुलाखती ७५ जणांच्याच झाल्या. म्हणून एकूण अटॅक रेट ४६ भागिले ७५, म्हणजे ६१ टक्के. उरलेल्या पाच जणांना निरोगी धरायला काहीच आधार नाही.

तुमच्या तिघांचा प्रश्न मात्र नेमका आहे. कुणाला आठवलं नसेल, कुणी दुसऱ्याच्या वाटीतलं चमचाभर खाल्लं असेल, दोन्ही आइस्क्रीमना एकच चमचा लागला असेल, किंवा एखाद्याचा आजार वेगळाच असेल. लिस्टवरून यातलं नक्की काय झालं ते ठरत नाही, म्हणून उत्तरात या शक्यता म्हणूनच लिहा. तिघांमुळे व्हॅनिलावरचा संशय मात्र हटत नाही: व्हॅनिलाचा रिलेटिव्ह रिस्क ५.६, तर भाजलेल्या हॅमचा १.१ आहे, म्हणजे हॅम खाल्लं काय आणि न खाल्लं काय, फारसा फरक नाही.

चॉकलेटचा रिलेटिव्ह रिस्क ०.७ येतो. त्यावरून 'चॉकलेटने संरक्षण मिळालं' असं लिहू नका. चॉकलेट घेणाऱ्यांमध्ये व्हॅनिला टाळणारे जास्त होते का, ते आधी तपासा: व्हॅनिला खाल्लेल्यांचा आणि न खाल्लेल्यांचा चॉकलेटचा तक्ता वेगवेगळा मांडा.