ग्लिफ्लोझिनमुळे एलडीएल सातने वाढलं, म्हणून गोळी बंद?

«शुगरच्या नवीन "ग्लिफ्लोझिन" गोळ्या, म्हणजे लघवीवाटे साखर काढणाऱ्या, कोलेस्टेरॉल वाढवतात! ग्लिटाझोनचंही तेच. आधी या गोळ्या हार्टमध्ये ब्लॉकेज करतात, मग डॉक्टर स्टॅटिन गळ्यात मारतात. त्यापेक्षा आठवड्याचं इंजेक्शन घ्या, शुगर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही जातं, स्टॅटिन कायमचं बंद. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.»

हा मेसेज माझ्या मामींना त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आला. मामींना दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, एक स्टेंट बसला, आणि तेव्हापासून हृदयाचं पंपिंग थोडं कमी आहे. त्या एम्पाग्लिफ्लोझिन १० ची गोळी घेतात. मेसेज वाचून त्यांनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला, एलडीएल वाढलेलं दिसलं आणि कुणालाही न विचारता गोळी बंद केली. एकोणीस दिवस! मला कळलं तेव्हा वजन दोन किलोने चढलं होतं, पायावर मोज्यांचे वळ उठत होते आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर त्यांना थांबावं लागत होतं. "अगं, पण रिपोर्टमध्येच लिहिलंय ना," असं त्या मला म्हणाल्या.

मी अठरा वर्षं लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल काढते आहे. म्हणून आधी त्या रिपोर्टबद्दलच बोलते.

गोळी सुरू होण्यापूर्वीचा रिपोर्ट असा होता: एकूण कोलेस्टेरॉल १७८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल ९२. गोळी सुरू झाल्यावर चार महिन्यांनी एकूण १७६, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १८५, एलडीएल ९९. मामींनी फक्त शेवटचा आकडा पाहिला. पण बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजलंच जात नाही, ते वजाबाकीने काढतात. फ्रीडवाल्ड नावाच्या संशोधकाने १९७२ मध्ये मांडलेलं हे गणित आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडला पाचने भागून तेही वजा करायचं. जे उरतं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएल या चरबी वाहून नेणाऱ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल, असं त्यात धरलेलं असतं.

आता मामींचे आकडे घाला. आधी १७८ मधून ३८ आणि ४८ गेले, उरले ९२. नंतर १७६ मधून ४० आणि ३७ गेले, उरले ९९. म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल दोनने उतरलं, चांगलं एचडीएल दोनने वाढलं, ट्रायग्लिसराइड पंचावन्नने खाली आलं. वजा करायची रक्कम लहान झाली, म्हणून उत्तर मोठं आलं. एकूणातून फक्त एचडीएल वजा करून पाहा. आधी १४०, नंतर १३६. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल त्यात एकत्र येतं, आणि मधुमेहात, ट्रायग्लिसराइड चढलेलं असताना, एकट्या एलडीएलपेक्षा हाच आकडा जास्त खरं सांगतो. मामींचा तो वाढला नाही, कमी झाला. शिवाय औषधात काहीही बदल न करता एकाच माणसाचं एलडीएल दोन वेळा तपासलं तरी ते सात-आठ टक्के इकडेतिकडे होतं. ९२ आणि ९९ मध्ये तेवढाच फरक आहे.

ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर ही वजाबाकी वापरायचीच नसते. तेव्हा नळीतलं सिरम पिवळसर पारदर्शक न दिसता गढूळ, खूपच चढलं तर दुधासारखं दिसतं, आणि एलडीएल थेट मोजावं लागतं. मामींची नळी तशी नव्हती.

आता मेसेजमधलं अर्धं सत्य मान्य करते, कारण ते आहे. ग्लिफ्लोझिनने एलडीएल खरंच थोडं वाढतं, सगळं वजाबाकीवर ढकलता येणार नाही. चाचण्यांमध्ये ही वाढ सरासरी तीन-पाच मिलिग्रॅमच्या घरात दिसते. गोळीमुळे रोज बरीच साखर लघवीवाटे जाते, ती तूट शरीर चरबी जाळून भरून काढतं. रक्तातले चरबीने भरलेले व्हीएलडीएल कण लवकर रिकामे होतात, आणि रिकामे होता होता त्यांचंच एलडीएल बनतं. यकृताकडून एलडीएल उचललं जाणंही थोडं मंदावतं. पण कोणतं एलडीएल वाढतं हेही पाहावं लागतं. जपानमध्ये डापाग्लिफ्लोझिनवर १२ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. त्यात बारीक, घट्ट एलडीएल साधारण २० टक्क्यांनी कमी झालं आणि मोठं, हलकं एलडीएल १८ टक्क्यांनी वाढलं. धमन्यांना जास्त त्रासदायक समजलं जातं ते बारीक.

तरी कणांच्या आकारावर मी सगळी भिस्त ठेवणार नाही. मला खरा राग आहे तो "या गोळ्या ब्लॉकेज करतात" या वाक्याचा, कारण ते तपासून झालेलं आहे. २०१५ मध्ये एम्पा-रेग आउटकम ही चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ४२ देशांतले सात हजारांवर मधुमेही होते, आणि सगळ्यांना मामींसारखाच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता. काहींना एम्पाग्लिफ्लोझिन दिलं, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि सुमारे तीन वर्षं अटॅक, स्ट्रोक, मृत्यू मोजले. औषध घेणाऱ्यांत एलडीएल किंचित जास्तच होतं. आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले, हृदय थकल्यामुळे हॉस्पिटलमध्ये भरती होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. एलडीएलची ती वाढ या निकालाच्या पोटातच आहे. वाढीचं जे काही नुकसान व्हायचं ते होऊनसुद्धा हिशेब एवढा फायद्यात निघाला!

याच चाचणीत अटॅक आणि स्ट्रोक स्वतंत्रपणे पाहिले तर स्पष्ट घट दिसली नाही, हेही सांगायला हवं. ही गोळी धमनीतली चरबी साफ करत नाही. ती मीठ-पाणी बाहेर काढते आणि थकलेल्या हृदयावरचा भार उतरवते. मामींच्या पायावरची सूज आणि धाप एकोणीस दिवसांत परत आली ती यामुळेच. धमनीतल्या चरबीसाठी स्टॅटिन लागतं, आणि मेसेज नेमकं तेच बंद करायला सांगतो.

स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशेब सांगतो की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक-स्ट्रोकसारख्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, मधुमेहींमध्येही तेवढ्याच. त्या मापाने सात मिलिग्रॅमची वाढ, अगदी खरी धरली तरी, तीन-चार टक्क्यांची गोष्ट आहे. मामींचा खरा प्रश्न दुसराच होता आणि तो कुणीच पाहिला नव्हता. अटॅक येऊन गेलेल्या मधुमेही माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, आपल्याकडचे लिपिड तज्ज्ञ तर ५० म्हणतात. म्हणजे गोळीच्या आधीचं ९२ सुद्धा फार जास्त होतं. त्या अॅटोर्व्हास्टॅटिन १० वरच अडकल्या होत्या, मधल्या काळात पाय दुखतात म्हणून डोस कमी केला होता आणि तो पुन्हा वाढवायचा राहून गेला. ९९ वरून १० ची ४० केली तर एलडीएल ८० च्या आसपास यावं. स्टॅटिन दुप्पट केल्याने एलडीएल दुपटीने पडत नाही, प्रत्येक दुपटीला, औषध सुरू होण्याआधीच्या मूळ एलडीएलच्या, जेमतेम सहा टक्के मिळतात. त्यावर इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडली की आणखी वीसेक टक्के, म्हणजे ६५ च्या जवळ. सात आकड्यांसाठी रात्रीची झोप गेली, आणि चाळीस आकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होते.

आता मेसेजमधल्या ग्लिटाझोन या शुगरच्या दुसऱ्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. या एका नावाखाली दोन औषधं येतात आणि ती लिपिडच्या बाबतीत सारखी नाहीत. २००५ मध्ये दोन्हींची समोरासमोर २४ आठवडे तुलना झाली. पायोग्लिटाझोनने ट्रायग्लिसराइड सरासरी ५२ ने उतरलं, रोझिग्लिटाझोनने १३ ने चढलं. एलडीएल दोन्हींनी वाढलं, पायोने १२, रोझीने २१. पण एलडीएलच्या कणांची संख्या पायोने कमी झाली आणि रोझीने वाढली. मेसेज लिहिणाऱ्याने रोझीबद्दल कुठेतरी वाचलं असावं. ते औषध भारतात २०१० पासून बंद आहे. पायोग्लिटाझोन आजही मिळतं, पण मामींसारख्या थकलेल्या हृदयाच्या माणसाने ते टाळावं ते पाणी साठतं म्हणून. त्याचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही.

आणि आठवड्याचं इंजेक्शन. सेमाग्लुटाइडसारखी औषधं चांगली आहेत, हृदयाला फायदा चाचण्यांत दिसला आहे, वजन आणि जेवणानंतर रक्तात येणारी चरबी कमी होते, ट्रायग्लिसराइड साधारण १० ते २० टक्के उतरतं. एलडीएल मात्र दोन-चार टक्केच. अॅटोर्व्हास्टॅटिन ४० ते निम्म्यावर आणतं. ज्या चाचण्यांच्या जोरावर इंजेक्शनचं कौतुक होतं, त्यांतले बहुतेक रुग्ण स्टॅटिन घेतच होते. स्टॅटिन सोडून इंजेक्शन, असा प्रयोग त्यात नव्हता.

ग्लिफ्लोझिन थांबवायची खरी कारणं वेगळी आहेत आणि ती मेसेजमध्ये एकही नाहीत. उलट्या-जुलाब लागले, ऑपरेशन ठरलं (तीन दिवस आधी), किंवा मामी धरतात तसे नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास असतील, तर डॉक्टरांना विचारून ती थांबवावी लागते. पोटात अन्न नसताना ही गोळी चालू राहिली तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, साठू शकतात, आणि शुगर २०० च्या आत असूनही माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास, एवढ्यावरून ओळखायचं. ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. जननेंद्रियाच्या जागी खाज, पांढरं जाणं, हेही होतं आणि बायका ते सांगत नाहीत. मी मामींना सरळ विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यावर साधं मलम मिळतं.

दुसऱ्या दिवशी मामींना घेऊन डॉक्टरांकडे गेले. गोळी परत सुरू झाली, अॅटोर्व्हास्टॅटिन ४० झालं, इझेटिमाइब जोडलं. सहा दिवसांत सूज उतरली. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं आहे, त्याच लॅबमध्ये, आणि या वेळी नॉन-एचडीएलची ओळ कुठे असते ते मामींनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आहे.